सुरती हुरडा आणि नवे शेजारी

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत सोलापूरकडील किंवा मराठवाड्यातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास हुरड्याच्या ज्वारीचे वाण विचारले, तर तो गूळभेंडी सांगतो, कुचकुची सांगतो आणि त्यांच्याच पंक्तीस ‘सुरती’ हेही नाव बसवितो. आणि ज्या मराठी माणसास सुरतेस बिऱ्हाड करण्याचा योग आला आहे, तो त्याच दिवसांत तापीकाठी अडाजणच्या बाजूस फिरकला, तर तसाच कोवळा, हिरवा, भाजून झोडपलेला दाणा त्यास ‘पोंक’ या नावाने ढिगांनी मांडलेला दिसतो. दाणा एक, परंतु सोबत वेगळी. आपल्याकडे आगटीभोवती बसून हुरडा खाताना लसणाची चटणी हाताशी नसेल तर यजमानाची अब्रू जाते. सुरतेत त्याच दाण्याबरोबर लिंबू-मिऱ्याची बारीक शेव आणि साखरेचे दाणे येतात. हा भेद केवळ रुचीचा आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. परंतु आमच्या इमारतीत नव्याने राहावयास आलेल्या दोन कुटुंबांसाठी एक लहानसा मेळावा भरविण्याची तजवीज करताना माझ्या ध्यानात आले, की लसणाच्या चटणीसह हुरडा निम्म्या इमारतीस वाढता येतो, आणि शेवेसह पोंक जवळजवळ सर्वांस. सुरतेतील शेजारधर्माचे अर्धे शास्त्र या एका गोष्टीत आले.

आमची इमारत सहा मजल्यांची असून प्रत्येक मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत. खानदेशातून आलेली मराठी घरे तीन, सौराष्ट्रातील पाटीदार घरे बरीच, काही मूळचे सुरती, एक बोहरा कुटुंब, एक राजस्थानी कापड-व्यापारी. म्हणजे या शहराची जी एकंदर घडण आहे तिचाच हा लहान नमुना. अशा इमारतींतून बिऱ्हाडे हालविण्याचाही एक हंगाम असतो. कार्तिकी एकादशीस चातुर्मास सरतो आणि डिसेंबरच्या मध्यास सूर्य धनु राशीत गेला की गुजराती लोक ज्यास ‘कमुरता’ म्हणतात तो निषिद्ध महिना लागतो; तेव्हा ज्यांना मुहूर्त पाहून घर बदलावयाचे असते ते या दीड महिन्यातच सामानाचे ट्रक दाराशी उभे करतात. सन २०२५ च्या नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर अशी दोन कुटुंबे आली. एक पालनपूरकडील जैन, हिऱ्यांच्या दलालीच्या व्यवसायातील, घरात वृद्ध आजोबा व आजी. दुसरे ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील, कर्ता पुरुष हजिऱ्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करणारा अभियंता, घरात पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि नुकतीच गावाहून आलेली आई. पहिल्या कुटुंबाच्या बाबतीत प्रश्न अन्नाचा होता, दुसऱ्याच्या बाबतीत भाषेचा आणि घड्याळाचा.

अशा प्रसंगी उत्साही माणसाच्या हातून घडणारी पहिली चूक म्हणजे घाई. ज्या दिवशी सामान येते त्या दिवशी गृहिणीस पातेले कोणत्या खोक्यात आहे हे ठाऊक नसते, आणि पाहुणचार स्वीकारावयासही घरात एक मोकळी खुर्ची लागते. त्या दिवशी पिण्याच्या पाण्याची कळशी, चहाचा थर्मास आणि एक कागद एवढेच पोहोचवावे. कागदावर ‘सुमुल’चे दूध जवळ कोठे मिळते, महानगरपालिकेची कचऱ्याची गाडी किती वाजता येते व ओला-सुका कचरा कसा वेगळा द्यावयाचा, पाण्याचा पंप कधी लावतात आणि उद्वाहक अडकल्यास कोणास हाक मारावी, इतकाच मजकूर असावा. मेळाव्याची योग्य वेळ त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तोपर्यंत खोकी उघडलेली असतात आणि जिन्यात चार चेहरे दिसून गेलेले असतात, परंतु कोणता चेहरा कोणत्या दारामागचा हे अद्याप जुळलेले नसते. आणि एकदा महिना उलटून गेला, की रोज दिसणाऱ्या माणसास नाव विचारण्याचा संकोच उभयपक्षी इतका घट्ट होतो, की तो पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही.

दुसरा प्रश्न कोणास बोलवावयाचे हा. चोवीस बिऱ्हाडांतील साठ-सत्तर माणसे एकाच संध्याकाळी समोर उभी केली, तर नवागताच्या लक्षात एकही राहत नाही, आणि तो मेळावा न राहता सोसायटीची वार्षिक सभा होते. उलट निवडक घरांना बोलावले, तर न बोलावलेल्यांच्या मनात जी आढी बसते तिचे व्याज नव्या शेजाऱ्यासच भरावे लागते. यावर उपाय एकच, की सीमा आखावी ती दगडमातीवरून आखावी, स्नेहावरून आखू नये. आम्ही नवागतांचा मजला, त्याच्या वरचा आणि खालचा, अशी तीन मजल्यांची मर्यादा ठरविली. बारा बिऱ्हाडांपैकी दोन नव्यांची, उरली दहा. ‘तिसऱ्या मजल्याच्या वरखाली एक मजला’ असे सांगितले म्हणजे सहाव्या मजल्यावरील गृहस्थास रागावण्यास जागा राहत नाही, कारण त्याच्या आणि निमंत्रणाच्या मध्ये कोणाची मर्जी नसून केवळ जिना असतो. दहा घरांतून सर्वच माणसे येत नाहीत. प्रत्येकी दोन धरावी व नव्या कुटुंबांतील मोठी माणसे त्यात मिळवावी, म्हणजे अंदाज पंचवीस-सव्वीसपर्यंत जातो आणि हिशेब सहसा चुकत नाही.

वार आणि वेळ ठरविण्यासाठी मी तीन दप्तरे पाहिली: पंचांग, सूर्यास्त आणि कारखान्याची पाळी. हिऱ्यांच्या पेढ्या रविवारी बंद असतात, म्हणून वार ठरला. रविवार १४ डिसेंबरची तिथी वद्य दशमी होती. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणजे सोमवार ठेवला असता तर वैष्णव घरांतील उपवास आड आला असता. तसेच पुष्कळ जैन घरांत बीज, पंचमी, अष्टमी, एकादशी आणि चतुर्दशी या तिथींना हिरवी भाजी खात नाहीत, आणि दशमी त्या यादीत नाही. कमुरता अजून दोन दिवसांवर होता. चहापानास मुहूर्त लागत नाही हे खरे, तथापि ज्या घरातील वृद्धांनी नुकताच गृहप्रवेश केला आहे त्यांच्या मनात शंकेची पाल न चुकचुकलेली बरी. वेळेच्या बाबतीत मात्र सूर्याची सत्ता निरपवाद असते. चौविहार पाळणारी जैन मंडळी सूर्यास्तानंतर अन्न तर नाहीच, पाणीही घेत नाहीत, आणि डिसेंबरच्या मध्यास सुरतेत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जून महिन्यात हाच मेळावा साडेसहास ठेवला असता तरी निभावले असते; डिसेंबरात साडेपाचचे निमंत्रण म्हणजे आजोबांस ताटासमोर बसवून घड्याळाकडे पाहावयास लावणे होय. म्हणून साडेचार ते सहा अशी वेळ नेमली आणि पदार्थ पावणेपाचापर्यंत पुढे ठेवावयाचे ठरविले. गंजामकर अभियंत्याची त्या आठवड्यात सकाळची पाळी असल्याने ते साडेतीनपर्यंत घरी येतात, हे मी त्यांनाच उद्वाहकात विचारून घेतले होते. पाहुण्यास विचारून वेळ ठरविल्याने निमंत्रणाची अपूर्वाई कमी होते असे काहींस वाटते; माझ्या मते अपूर्वाईपेक्षा हजेरी मोलाची.

आता चिठ्ठी. मराठीत निमंत्रणास ‘आग्रहाचे’ हे विशेषण इतके सवयीचे झाले आहे, की ते वगळले तर पत्र अपुरे वाटते. लग्नकार्यात हा आग्रह शोभतो, कारण तेथे येणारा आप्त असतो आणि न येण्याचा हक्क त्याने कधीच गमावलेला असतो. नव्या शेजाऱ्यास मात्र आपला आग्रह मोडण्याची सोय नसते. जिन्यात रोज भेट होणार असल्याने ‘नाही’ म्हणणे त्यास फार महाग पडते. तेव्हा चिठ्ठीत आग्रहाऐवजी तपशील असावा, म्हणजे येणाऱ्यास तयारी करता येते आणि न येणाऱ्यास सबब शोधावी लागत नाही. नवागतांच्या मनात सहसा पाच प्रश्न असतात: बोलावणारा कोण, किती वेळ बसावे लागेल, खावयास काय असेल, काही घेऊन जावे लागेल काय, आणि मुलांना व म्हाताऱ्यांना न्यावे काय. या पाचांची उत्तरे चिठ्ठीतच मिळाली पाहिजेत. आमची चिठ्ठी एका बाजूस गुजरातीत व दुसऱ्या बाजूस हिंदीत लिहिली होती, कारण गंजामहून आलेल्या माणसास गुजराती अक्षरे ओळखता येतील असे गृहीत धरणे अन्यायाचे झाले असते. तिचा मराठी आशय असा:

‘सप्रेम नमस्कार. आम्ही खोली क्रमांक ४०२ मधील आपले शेजारी. आपण तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलात, तेव्हा वरच्या व खालच्या मजल्यांवरील घरांशी आपली ओळख व्हावी म्हणून रविवार, ता. १४ डिसेंबर रोजी दुपारी साडेचार ते सहा या वेळात खाली वाहनतळाच्या मोकळ्या जागेत सर्वांनी चहास जमावे असे योजले आहे. पदार्थ सूर्यास्तापूर्वी संपतील. पोंक व शेव, मटारचे पोहे, नानखटाई व चहा; कशातही कांदा, लसूण, बटाटा, आले, हिंग अथवा अंडे नाही. घरातील वडील मंडळींनी व मुलांनीही यावे, खुर्च्या आहेत. कृपया येताना काही आणू नये. मध्येच येऊन मध्येच गेलात तरी चालेल. आपणांस दुसरे काही वर्ज्य असल्यास, किंवा त्या दिवशी जमत नसल्यास, शुक्रवारपर्यंत आमच्या दारात चिठ्ठी टाकावी. कळावे, लोभ असावा.’

या मजकुरातील ‘मध्येच येऊन मध्येच गेलात तरी चालेल’ हे वाक्य मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण समारंभास जाण्यापेक्षा तेथून निघावे कसे याचीच चिंता पुष्कळांस अधिक असते. चिठ्ठी हाताने लिहिलेली व हाताने दिलेली असावी; दारावरची घंटा वाजवून उभ्याउभ्या दोन मिनिटांत ती द्यावी आणि आत येण्याचे आमंत्रण त्या दिवशी नाकारावे. दूरध्वनीवरील सोसायटीच्या समूहात तीच सूचना टाकली, तर नवागतांचा क्रमांक अद्याप त्या समूहात नसतो, आणि ज्यांच्यासाठी मेळावा त्यांच्याखेरीज सर्वांस वर्दी पोहोचते. ही गंमत मी एका वर्षी स्वतः केली आहे.

पदार्थांची निवड आवडीवरून करू लागले तर तिला अंत नाही. वर्ज्यावरून केली तर ती दहा मिनिटांत होते. मराठी घरात पाहुणा म्हटला की कांदेपोहे. येथे कांदा जैनांस चालत नाही, स्वामीनारायण पंथाच्या घरांत चालत नाही. गुजराती घरात कांद्याऐवजी बटाटा घालतात, परंतु तो जमिनीखालचा म्हणून पुन्हा जैनांस वर्ज्य. सुरतेचे खमण घ्यावे तर त्यात आणखी एक बारकावा आहे: डाळीच्या पिठाशी न तापविलेले दही मिसळले, तर त्यास जैन आचारात द्विदल म्हणून निषिद्ध मानतात, दुकानातील खमणाचे पीठ कशात भिजविले हे विचारून खात्रीलायक उत्तर मिळत नाही. त्याच कारणाने दहीवडेही गेले. हिंग स्वामीनारायण संप्रदायातील पुष्कळ घरांत खात नाहीत. अशी चाळणी लावीत गेल्यावर जे उरले ते गरिबीचे नव्हते. पोह्यांत बटाट्याच्या जागी कच्च्या केळ्याच्या तळलेल्या फोडी घालण्याची जैन घरांतील जुनी युक्ती आहे, आणि डिसेंबरात मटार स्वस्त व गोड असतो. नानखटाई ही तर या शहराची जुनी मिरास. तिचा संबंध येथील डचांच्या वखारीतील भटारखान्याशी जोडला जातो, आणि बिनअंड्याची मागितली तर ती कोठेही मिळते. आणि पोंक तर शिजवावाच लागत नाही.

पंचवीस-सव्वीस माणसांसाठी आम्ही दीड किलो पोंक, सातशे ग्रॅम लिंबू-मिऱ्याची शेव, सव्वा किलो जाडे पोहे, अर्धा किलो सोललेला मटार, आठ कच्ची केळी आणि किलोभर नानखटाई आणली. पोंक त्याच दिवशी दुपारनंतर घ्यावा; तो रात्रभर राहिला की दाण्यातील दुधाळ गोडी जाते, दाणा चिवट होतो आणि बंद पिशवीत घाम धरून आंबूस वास येऊ लागतो. मूठभर हातात दाबून पाहिला असता तो मऊ लागला पाहिजे आणि मूठ उघडताच दाणे सुटे झाले पाहिजेत. एकमेकांस चिकटले तर माल कालचा समजावा. शेव अगोदर मिसळून ठेवू नये, कारण पोंकाच्या ओलाव्याने ती पाच मिनिटांत मऊ पडते; वाट्यांत पोंक आणि शेजारी शेवेचे ताट, ज्याने त्याने घालून घ्यावी. शेव विकत घेताना पुडा वाचावा किंवा दुकानदारास स्पष्ट विचारावे, कारण सुरतेच्या फरसाणाच्या दुकानांत लसणी शेवही तितक्याच मानाने बसलेली असते आणि दोहींच्या रंगावरून भेद ओळखता येईलच असे नाही. पोह्यांविषयी एवढेच, की ते चाळणीत धुऊन निथळत ठेवावे व फोडणी मेळाव्यापूर्वी अर्ध्याच तासावर करावी. मोठ्या प्रमाणात केलेले पोहे भांड्यात तासभर दडपून राहिले की तळाचे गोळा होतात व वरचे कोरडे पडतात, म्हणून एका मोठ्या पातेल्याऐवजी दोन पसरट कढया बऱ्या.

इतकी चौकशी करूनही माणूस फसतो तो चहात. मागे एकदा अशाच प्रसंगी आम्ही कांदा टाळला, लसूण टाळला, बटाटा टाळला, आणि एक आजीबाई पेला ओठांशी नेऊन थांबल्या व हळूच म्हणाल्या, “आदू छे?” आदू म्हणजे आले. कंद वर्ज्य मानणाऱ्यास ओले आले चालत नाही. सुंठ चालते, वाळलेली हळद चालते, कारण वाळल्यावर त्या वस्तूचे स्वरूप पालटते असा त्यांचा दृष्टिकोण आहे. आजींनी पेला खाली ठेवला, आम्ही ओशाळलो, आणि पदार्थांच्या यादीत पेयाचा समावेश न करण्याची आमची चूक कायमची ध्यानात राहिली. या वेळी म्हणून चहा वेलचीचा केला, आणि आल्याशिवाय चहा चहाच नव्हे असे मानणाऱ्या खानदेशी मंडळींसाठी एक लहान किटली वेगळ्या मेजावर, वेगळ्या गाळणीसह ठेवली. गाळणी वेगळी ठेवणे अगत्याचे; एकच गाळणी दोन्ही चहांत फिरली तर सारा बंदोबस्त व्यर्थ.

मेळाव्यात ओळख करून देण्याची रीतही विचारपूर्वक ठरवावी लागते. आडनाव, गाव आणि धंदा या क्रमाने ओळख करून दिली, की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच जातीचा आणि ऐपतीचा हिशेब सुरू होतो, आणि नवागताच्या स्मरणात काहीच राहत नाही. आम्ही प्रत्येक घराची ओळख त्याच्या एका उपयोगावरून करून दिली: ‘हे २०३ मधले, गच्चीच्या व पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या यांच्याकडे असतात’, ‘ह्या ४०१ मधल्या मासी, यांच्या नातीबरोबर तुमची मुलगी शाळेच्या गाडीची वाट पाहील’, ‘हे ३०४ मधले काका रात्री उशिरापर्यंत जागे असतात, औषधाचे दुकान कोणते उघडे आहे ते यांना ठाऊक’. उपयोग लक्षात राहिला म्हणजे नाव आपोआप त्यास चिकटते. दोन गोष्टींस मात्र बंदी होती. घर किती किमतीस घेतले अथवा भाडे किती, हा प्रश्न कोणी विचारावयाचा नाही. आणि सोसायटीच्या चिटणीसांनी देखभाल-खर्चाच्या बाकीचा कागद त्या दिवशी खिशातून काढावयाचा नाही. दुसरी अट त्यांना आदल्या दिवशीच जाऊन सांगावी लागली, आणि त्यांनी ती थोड्या नाखुशीने मान्य केली. पहिली ताटली पहारेकऱ्यास दिली. शिल्लक राहिलेले अन्न मागाहून त्याच्या हाती देण्यात जे औदार्य दिसते ते खोटे असते.

पावणेसहा वाजता पालनपूरच्या आजोबांनी पाणी पिऊन पेला उपडा ठेवला, म्हणजे त्यांचा दिवस संपला. गंजामच्या आजींस हिंदीही फारशी येत नव्हती. परंतु पोंकाची वाटी हातात येताच त्या दाणा बोटांत चोळून पाहू लागल्या, आणि शेजारी बसलेल्या आमच्या धुळ्याच्या वहिनींनी त्यांना ज्वारीचे कणीस हाताने काढून दाखविले, तेव्हा त्या दोघींचे दहा मिनिटे संभाषण झाले, ज्यात उभयतांस समजणारा शब्द बहुधा एकही नव्हता. सहाला खुर्च्या उचलल्या. एवढ्यावरून मेळावा साधला असे मी म्हणणार नाही. दीड तासात सर्वांनी हसावे यात विशेष नाही.

साधला की नाही याची परीक्षा जानेवारीत झाली. एका रात्री साडेदहास तिसऱ्या मजल्यावर कोठेतरी नळाचा आटा तुटला आणि पाणी जिन्यावर आले. मी खडबडून उठून खाली जाईपर्यंत पाणी बंद झाले होते. अभियंता महाशय चिंब भिजून जिन्यात उभे होते, आणि त्यांच्या हातात टाकीच्या खोलीची किल्ली होती. ते मजकडे आलेच नव्हते. सरळ २०३ ची घंटा वाजवून ती घेऊन आले होते.